सर्व्हरवर नसलेली ऑर्डर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरांचं काम माझ्याकडे आहे. परवा सकाळी तिथून फोन आला तो मेलची तक्रार म्हणून नव्हे, भांडण म्हणून. एका ग्राहकाने ४०० कास्टिंगची ऑर्डर बदलून २५० केली होती. मालकांच्या मुलीने, मॅडमनी, घरून ब्राउझरमध्ये मेलबॉक्स उघडून जुनी ऑर्डर मुद्दाम डिलीट केली, घोळ नको म्हणून. तरीही प्लॅनिंगच्या काकांनी ४०० चाच कागद शॉपवर दिला आणि १५० नग जादा ओतले गेले. मॅडम म्हणत होत्या, "मी काढलेली मेल तुम्हाला दिसलीच कशी?" काका तीस वर्षं तिथे आहेत. त्यांनी एवढंच सांगितलं, "होती. उघडून प्रिंट काढली."

काकांच्या मशीनवर मेल पाहायला थंडरबर्ड हा प्रोग्रॅम आहे. यादीत दोन्ही मेल एकाखाली एक होत्या आणि विषय एकच. जुनीवर क्लिक केलं तर अख्खी उघडली, अटॅचमेंटसकट. पुष्कळजण इथेच फसतात. मेल उघडली म्हणजे ती सर्व्हरवर आहेच असं त्यांना वाटतं. पण हे खातं मेलची प्रत मशीनवर ठेवण्यावर लावलेलं होतं. त्यामुळे मजकूर डिस्कवरच्या फाइलमधून येत होता आणि यादी `INBOX.msf` या अनुक्रमणिकेतून. सर्व्हरला कोणी काही विचारतच नव्हतं. प्रत उतरलेली नसती तर क्लिक केल्यावर कोरं पान आलं असतं आणि काकांना लगेच शंका आली असती.

मी Get Messages दाबलं, दुसऱ्या फोल्डरवर जाऊन परत आलो, प्रोग्रॅम बंद करून उघडला. मेल जागेवरच. नुसतं कनेक्शन मेलेलं असतं तर पुन्हा उघडल्यावर ती गेली असती.

मग यादीत Order Received हा कॉलम चालू केला. आयमॅप खात्यात, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात अशा खात्यात, तो मेलचा यूआयडी दाखवतो, म्हणजे सर्व्हरने त्या फोल्डरपुरता दिलेला आणि पुन्हा दुसऱ्या मेलला न मिळणारा नंबर. जुन्या ऑर्डरचा होता ५०९३. माझ्या लॅपटॉपवरून `openssl s_client` ने सर्व्हरला थेट जोडलो. SELECT ऐवजी EXAMINE वापरलं, म्हणजे फोल्डर फक्त वाचायला उघडतो आणि आपल्या हातून त्यात काही बदलत नाही.

```
a2 EXAMINE INBOX
* 1846 EXISTS
a3 UID FETCH 5093 (FLAGS)
a3 OK
```

मेल असती तर OK च्या आधी तिची एक ओळ आली असती. ती आली नाही. थंडरबर्डची बेरीज मात्र १८५२ होती. सहा मेल फक्त काकांच्या मशीनवर जिवंत होत्या. मॅडम खऱ्या होत्या आणि काकाही.

पण सर्व्हरने सांगितलं नाही की थंडरबर्डने ऐकलं नाही? फोल्डर उघडा असताना मेल गेली तर सर्व्हर ती गेल्याचं EXPUNGE ने कळवतो. बंद असताना गेली तर पुढच्या वेळी थंडरबर्डने सगळे यूआयडी मागून आपल्या यादीशी ताडायचे असतात. काही सर्व्हरांवर तो वेळ वाचवायला "मागच्या वेळेपासून काय बदललं" एवढंच विचारतो, CHANGEDSINCE लावून. त्या उत्तरात गेलेल्या मेल येत नाहीत, कारण जे उरलेलंच नाही त्याचा बदल काय सांगणार? तेव्हा संख्येतली तफावत पाहून पूर्ण यादी मागवावी लागते. इथे ६ चा फरक असूनही ते झालं नव्हतं. नक्की कुठे अडलं ते लॉगमध्ये दिसलं असतं, म्हणून मी `MOZ_LOG=IMAP:4` लावून थंडरबर्ड चालू करायच्या तयारीत होतो.

मालकांना बोलवायला बाहेर गेलो. तेवढ्यात आमच्याच टीममधल्या मुलाने फोल्डरवर राइट क्लिक, Properties, Repair Folder केलं. "सर, झालं!" म्हणाला. झालं खरंच. Repair अनुक्रमणिका फेकून देतं, मशीनवरच्या प्रतीही टाकतं आणि सर्व्हरवरून सगळं नव्याने आणतं. सहाच्या सहा गायब, १८४६ ला १८४६. मला याचा राग आहे आणि तो त्या मुलावर कमी, आमच्या धंद्याच्या सवयीवर जास्त. तक्रार बंद झाली की कारण कोणी विचारत नाही. थंडरबर्ड बंद करून `INBOX.msf` ची कॉपी घ्यायला दहा सेकंद लागली असती. नंतर लॉग लावला तर सगळं सुरळीत.

मालक आले तेव्हा स्क्रीनवर एकच ऑर्डर होती, २५० ची. माझ्याकडे मोबाइलमध्ये काढलेला एक फोटो होता, यादीचा, ५०९३ दिसणारा. तो दाखवला, लॅपटॉपवरचं सर्व्हरचं उत्तर दाखवलं. मालकांनी दोन्ही नंबर स्वतः जुळवले. मग काकांना आत बोलावलं आणि म्हणाले, "काका, बसा." मॅडमनी तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला.

काकांच्या मशीनवर लॉग अजून चालू ठेवलाय. दर शनिवारी दोन्हीकडची संख्या ताडतो. अजून फरक पडलेला नाही.