सुनेचे हलव्याचे दागिने: माझा अनुभव

डिसेंबरात मुलाचं लग्न झालं आणि महिन्याभरात पहिली संक्रांत आली. काळी साडी एका संध्याकाळी गोखले रोडवर मिळाली. वाणाच्या वाट्या जांभळी नाक्यावरून आणल्या. अडकलं ते हलव्याच्या दागिन्यांपाशी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

मी नोकरी करते, घोडबंदरला राहते. 26 डिसेंबरला एका दुकानात पाचशे रुपये आगाऊ देऊन ऑर्डर नोंदवली. मंगळसूत्र, हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, बिंदी आणि नथ, शिवाय मुलासाठी हार आणि नारळ. "8 तारखेला घेऊन जा" म्हणाले. 8 तारखेला गेले तर उद्या, 9 ला गेले तर परवा. ऑफिसमधून सुटून गाडी काढायची, पार्किंग शोधायचं आणि काउंटरवर "मागून माल आला नाही" एवढंच ऐकायचं. मागून म्हणजे कुठून, हे कुणी सांगेना. शेवटी 10 तारखेला मी तिथेच बसून राहिले. मग तिथल्या मुलीनेच हळूच सांगितलं, हे बनवतात त्या काकू नौपाड्यात राहतात.

त्यांच्याकडे गेल्यावर सगळा उलगडा झाला. स्वयंपाकघरात मंद शेगडीवर पितळेची परात होती. परातीत तीळ, आणि काकू चमचाभर पाक सोडून बोटांनी ते सारखे फिरवत होत्या. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. असं दिवसचे दिवस केल्यावर एकेका तिळावर साखर चढते आणि मग काटा येतो. बारीक हवा तर खसखस किंवा तीळ, मोठा हवा तर साबुदाणा. "काटा थंडीत येतो हो ताई. मी पहाटे चारला बसते. चार रात्री उकाडा होता, काटा धरलाच नाही, सगळा हलवा गुळगुळीत," म्हणाल्या. त्यांनी मूठभर माझ्या तळहातावर ओतला. दाणे पांढरे होते, पण नुसते साखरेचे गोळे. शेजारच्या डब्यातला चांगला हलवा बोटांना टोचत होता.

पाकाची घाई करता येत नाही. एकदम जास्त घातला तर दाणे एकमेकांना चिकटतात, आंच वाढवली तर साखर पिवळी पडते. एवढं हातानं करणारी बाई महिन्यात किती संच करणार? दुकानाने मात्र येईल त्याची ऑर्डर घेतली होती आणि काकूंना माझा संच कळवला होता 3 जानेवारीला! माझे आठ दिवस दुकानाच्या वहीत पडून होते. काकूंवर रागवायला मला जागाच नव्हती. त्या म्हणाल्या, "मंगळसूत्र, बांगड्या आणि बिंदी 13 ला देते. बाकीचं रविवारपर्यंत." मी तिथेच सुनेला फोन लावला. ती म्हणाली, "आई, हळदीकुंकू रविवारीच करू ना, रथसप्तमीपर्यंत चालतं." किती हलकं वाटलं! संक्रांतीला ती तीन दागिन्यांवर नटली, आणि रविवारी पूर्ण संच अंगावर आला तेव्हा माझे डोळे भरले.

आता ज्यांच्याकडे पुढच्या वर्षी पहिली संक्रांत आहे त्यांच्यासाठी. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा, की बनवतं कोण आणि त्यांना कधी कळवणार. नोव्हेंबरातच सांगून ठेवा. लग्न डिसेंबरात असलं तरी दागिन्यांना लग्न लागायची वाट बघावी लागत नाही.

कंबरपट्ट्याचं माप साडी नेसवून घ्या. मी ड्रेसवरून दिलं, तीन इंच कमी पडलं. मागे लांब दोरी होती म्हणून निभावलं.

दागिने घरी आले की फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका. बाहेर काढल्यावर गार साखरेवर हवेतलं पाणी बसतं आणि काटा विरघळतो. माझ्या जावेचा हार असाच चिकट झाला होता. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, कागदाच्या घड्यांत ठेवा. घालताना बिंदी आणि नथ अगदी शेवटी, कारण घामाने तीच आधी ओलसर होतात.

आणि हो, बोरन्हाणाचा संच असेल तर दागिना उलटा करून बघा. काही दागिने दोऱ्यात गाठी मारून गुंफतात, काही पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवतात. बाळ मुकुट आधी तोंडातच घालतं, तेव्हा गोंदाचा नकोच. दोऱ्यातला घेतलात तरी दाणा सुटून तोंडात जाऊ शकतो, म्हणून फोटो झाले की लगेच काढून ठेवा.

काकूंना पुढच्या वर्षीसाठी मी आत्ताच सांगून आलेय, भाचीचं लग्न ठरतंय. दुकानातले पाचशे रुपये मात्र हिशोबात वळते करून घ्यायला मला आणखी दोन चकरा पडल्या.