तुम्ही विचारलंत म्हणून: आकृती कशाला?

«सर, दिशेचं गणित मनातल्या मनात सुटत असताना दरवेळी आकृती काढून कंसात आकडे कशाला लिहायचे? वेळ जात नाही का?»

वेळ जातो, हे आधीच मान्य करतो. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत शंभर प्रश्नांना नव्वद मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला 54 सेकंद येतात, आणि त्यातली वीस सेकंद रेघा ओढण्यात घालवा असे सांगणारा माणूस तुम्हाला हटवादी वाटतो. मी थोडा हटवादी आहेही. पण हा हट्ट ज्या गणितामुळे जडला ते मी आजवर वर्गात पूर्ण सांगितलेले नाही. त्यात चूक माझी होती आणि ती मी धडपणे कबूलही केली नव्हती.

गणित असे होते. एक माणूस घरातून निघून दक्षिणेकडे 8 मीटर चालला, डावीकडे वळून 6 मीटर गेला, पुन्हा डावीकडे वळून 5 मीटर, मग उजवीकडे वळून 9 मीटर आणि पुन्हा उजवीकडे वळून 5 मीटर. आता त्याचे घर त्याच्यापासून किती अंतरावर व कोणत्या दिशेला आहे? चार पर्याय होते: 17 मीटर ईशान्य, 17 मीटर वायव्य, 17 मीटर आग्नेय, 23 मीटर वायव्य.

तेव्हा मी आकृती काढत असे, पण आकडे लिहीत नसे. फळ्यावर वर उत्तर मानून घराचा ठिपका काढला, खाली 8 मीटरची रेघ ओढली आणि «आता डावीकडे» असे म्हणत, फळ्याकडे तोंड करूनच, माझा डावा हात जिकडे होता तिकडे, म्हणजे पश्चिमेला, 6 मीटरची रेघ नेली. पुढची सगळी वळणे मी अगदी बरोबर घेतली. पश्चिमेकडून डावीकडे म्हणजे दक्षिण, तिथून उजवीकडे पश्चिम, तिथून उजवीकडे उत्तर. शेवटचा ठिपका घराच्या डावीकडे 15 मीटर आणि खाली 8 मीटर पडला. 15 आणि 8 यांचे वर्ग 225 आणि 64, बेरीज 289, वर्गमूळ 17. पर्यायात 17 होतेच. माणूस घराच्या नैर्ऋत्येला, म्हणजे घर माणसाच्या ईशान्येला, आणि तोही पर्याय पहिल्याच क्रमांकावर होता. मी «पर्याय एक» असे लिहून त्याभोवती चौकट केली.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, «सर, माझं वायव्य येतंय.» मी म्हणालो, «अंतर किती आलं तुझं?» ती म्हणाली, «सतराच.» मग मी तिला सांगितले की अंतर जुळले म्हणजे रेघा बरोबर आहेत, तू शेवटी फक्त दिशा वाचताना गोंधळलीस. ती बसली नाही. ती म्हणाली, «सर, तो माणूस आपल्याकडे तोंड करून येतोय. तुम्ही फळ्याकडे पाठ करून उभे राहा आणि मग डावा हात वर करा.» वर्गात हशा पिकला. त्या हशात मीही सामील झालो आणि म्हणालो, «बस खाली, आपण नाटकाची तालीम करत नाही आहोत.» हे वाक्य मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही, पण ते शब्दशः लक्षात आहे.

त्या रात्री घरी मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो. भिंत म्हणजे फळा समजून तिच्याकडे पाठ केली आणि डावा हात वर केला. भिंतीकडे पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो हात उजवीकडे जात होता, म्हणजे पूर्वेला. फळ्याकडे तोंड करून उभा असलेला मी उत्तरेकडे तोंड केलेला माणूस होतो, तर गणितातला माणूस दक्षिणेकडे चालला होता. माझा डावा हात त्याला कामाचाच नव्हता. मग कागद घेतला आणि पहिल्यांदाच घराला (0, 0) धरून, पूर्व व उत्तर अधिक, पश्चिम व दक्षिण उणे, असे प्रत्येक टप्प्याचे स्थान लिहिले:

```
द   8   (0, −8)
पू  6   (6, −8)
उ   5   (6, −3)
पू  9   (15, −3)
द   5   (15, −8)
```

माणूस घराच्या पूर्वेला 15 आणि दक्षिणेला 8, म्हणजे आग्नेयेला. म्हणून घर त्याच्या वायव्येला. पर्याय दोन.

चूक कळण्यापेक्षा ती लपली कशी हे कळायला मला अधिक वेळ लागला. काटकोनात डावीऐवजी उजवीकडे वळले की दोन्ही दिशा एकमेकींच्या बरोबर उलट असतात. त्यापुढची वळणे बरोबर घेतली तरी ती त्या उलट्या तोंडापासून मोजली जातात, त्यामुळे चुकीच्या वळणानंतरचा संपूर्ण रस्ता अर्ध्या फेऱ्याने फिरतो. या गणितात पहिल्या वळणानंतरच्या चार टप्प्यांची एकत्रित हालचाल (15, 0) होती, कारण 5 मीटर वर आणि 5 मीटर खाली एकमेकांना खाऊन टाकतात. ती माझ्या फळ्यावर (−15, 0) झाली. उरलेली 8 मीटरची दक्षिण तिला काटकोनात होती, म्हणून अंतर दोन्ही बाजूंना 17 च राहिले. त्याऐवजी शेवटचा टप्पा 5 ऐवजी 3 मीटरचा असता तर बरोबर स्थान (15, −6) आणि माझे चुकीचे स्थान (−15, −10) आले असते. दोन्ही अंतरे वेगळी, कोणतेच पूर्णांकात नाही, आणि मी तिथल्या तिथे थांबलो असतो. प्रश्न काढणाऱ्याने हे ओळखूनच आकडे निवडले होते. पायथागोरसचे त्रिकूट जुळले की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि नेमके तेव्हाच तपासणे बंद होते.

आता तुम्ही म्हणाल, आणि एक पालक खरेच म्हणाले होते, की सर, आकृती तर तुम्ही त्या दिवशीही काढली होती. हो, काढली होती, आणि या आक्षेपाला माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. आकृतीने माझी चूक टाळली नाही, उलट तिला नीटनेटके रूप दिले. नुसत्या आकड्यांनीही ती टळत नाही, कारण चुकीच्या दिशेच्या अक्षराखाली अगदी अचूक बेरीज करता येते. चूक घडते ती वळणाच्या क्षणी, तोंड कोणीकडे आहे हे मनातच ठेवल्यामुळे. म्हणून मी आकड्यांच्या आधी तोंडाचे अक्षर लिहायला लावतो. सहा महिन्यांपूर्वी मी हाताच्या हालचालीऐवजी सूत्र शिकवून पाहिले: तोंड (a, b) असेल तर उजवे वळण (b, −a) आणि डावे वळण (−b, a). सूत्र निर्दोष आहे, पण महिन्याभरात अर्ध्या वर्गाने उणे चिन्ह दुसऱ्या जागी नेले. मग मी ते सोडले आणि उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम हा क्रम घड्याळासारखा पाठ करून घेतला: उजवीकडे एक घर पुढे, डावीकडे एक घर मागे.

त्यातही आपल्या भाषेचा एक खास खोडा आहे. घाईत मुले उत्तरेसाठी «उ» लिहितात आणि उजवीकडेसाठीही «उ»च लिहितात. मी तपासलेल्या कच्च्या कामात «उ 5» हा टप्पा कोणी उत्तरेला 5 मीटर म्हणून लिहिलेला होता, तर कोणी उजवीकडे वळून 5 मीटर म्हणून, आणि लिहिणाऱ्यालाच दोन मिनिटांनी ते सांगता येत नव्हते. म्हणून माझा नियम असा की अक्षर फक्त दिशेसाठी वापरायचे, वळणासाठी वाकडा बाण काढायचा. हा नियम तुम्हाला बालिश वाटतो हे मला ठाऊक आहे.

चूक होण्याची दुसरी जागा प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत असते. «घरापासून तो कोठे आहे» आणि «त्याच्यापासून घर कोठे आहे» यांत फक्त «पासून» कुठे चिकटले आहे एवढाच फरक असतो. आकडे समोर असतील तर दोन्ही चिन्हे उलटायची आणि काम संपले: (15, −8) चे (−15, 8). मनात सोडवणारा विद्यार्थी इथपर्यंत आला की थकलेला असतो आणि आग्नेय हाच पर्याय निवडून मोकळा होतो. तिसरा पर्याय त्याच्यासाठीच ठेवलेला असतो.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे, कारण ती विचारून एका मुलाने मला अडवले होते. 15 पश्चिमेला आणि 8 उत्तरेला, याला आपण वायव्य म्हणतो, पण खरी वायव्य दोन्ही अंतरे समान असताना येते. इथे घर पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण 28 अंश आहे. वर्तुळाचे आठ समान भाग केले तर पश्चिमेचा भाग दोन्ही बाजूंना 22.5 अंशांपर्यंत जातो, म्हणून हे उत्तर वायव्येतच पडते. पण 24 आणि 7 असे आकडे आले की कोन सुमारे 16 अंशांचा होतो आणि काटेकोरपणे पाहिले तर तिथे उत्तर «पश्चिम» असायला हवे. उत्तरतालिकेत मात्र वायव्यच येते, कारण परीक्षेत दोन अक्षांमधला सगळा कोपरा उपदिशेच्या नावाने ओळखायचा असा संकेत आहे. मी तो संकेत शिकवतो, पटवून देत नाही.

तुमच्यापैकी काही जण खरोखरच मनात सोडवतात आणि बरोबर सोडवतात, हे मी पाहिले आहे. ते पूर्व–पश्चिमेची एक बेरीज आणि उत्तर–दक्षिणेची दुसरी बेरीज डोक्यात ठेवतात, तोंड तिसऱ्या कप्प्यात ठेवतात, आणि तीन वळणांपर्यंत ते सहज निभावते. पाचव्या वळणावरही ज्यांचे निभावते त्यांना मी आकृती काढायला का लावतो, याचे कारण कदाचित गणितात नाही, त्या फळ्यात आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उत्तर दुरुस्त केले. «काल लिहिताना थोडी गडबड झाली» एवढेच म्हणालो आणि वायव्यभोवती चौकट केली. ती मुलगी मागच्या बाकावर होती, मी तिच्याकडे पाहिले नाही. त्या वर्षी तिने पुन्हा हात वर केला नाही. आता फळ्यावर खाली जाणारी रेघ काढली की मी खडू ठेवतो, फळ्याकडे पाठ करतो आणि डावा हात वर करतो. मुले हसतात.