कुणाचा हात?

‘रक्ताचा थेंब पाहिला तरी तुम्हाला गरगरतं, मग भयकादंबऱ्या कशा काय वाचता?’

ज्या वाचते, त्यांत रक्त जवळजवळ नसतंच. शर्ली जॅक्सनची १९५९ची ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ मी तीनदा वाचली आहे आणि तिन्ही वेळा एकाच पानावर अडकले आहे.

भुताटकी तपासायला एका जुन्या वाड्यात चौघं जमलेत. त्यातली एलिनॉर आणि थिओडोरा एका खोलीत झोपल्यात. मिट्ट अंधार. शेजारच्या रिकाम्या खोलीतून पुटपुटणं ऐकू येतं, मग लहान मूल कळवळून रडू लागतं. एलिनॉर थिओडोराचा हात घट्ट धरून पडून राहते, इतका घट्ट की बोटांची हाडं जाणवतात. शेवटी मुलाचे हाल असह्य होऊन ती ओरडते, ‘बंद करा!’ बघते तर दिवे चालूच आहेत, झोपताना ठेवले होते तसेच. थिओडोरा पलीकडे आपल्या पलंगावर दचकून उठून बसलेली. मग इतका वेळ हातात होता तो हात कुणाचा?

प्रकरण तिथेच संपतं. दिवे चालू होते म्हणजे ते स्वप्न असेल, असं म्हणून सुटता येईल असं वाटतं. पण जॅक्सनबाईंनी ती वाट आधीच बुजवून ठेवली आहे. आदल्या एका रात्री दारावर धडाधड ठोके पडतात. एलिनॉरने अकरा वर्षं आजारी आईची सेवा केलेली. आई भिंतीवर ठोकून बोलवायची, आणि शेवटच्या रात्री ही उठली नव्हती. तेव्हा ठोके तिच्या अपराधी मनातलेच असणार. पण ते थिओडोरालाही ऐकू येतात! बरं, मग खरे म्हणावेत, तर बाहेर गेलेल्या दोघा पुरुषांना काहीच ऐकू आलेलं नाही. घर झपाटलेलं की बाई, यातल्या प्रत्येक उत्तराला एक पुरावा आहे आणि एक खोडाही.

रक्तमांसाच्या वर्णनाने मला मळमळतं, पान उलटलं की ते ओसरतं. किळस शरीराला येते आणि समोर काय आहे हे तिला पक्कं माहीत असतं. इथे मात्र काय आहे तेच ठरत नाही, त्यामुळे पुस्तक मिटून काही उपयोग होत नाही. (पहिल्यांदा वाचलं तेव्हा आठवडाभर हात पांघरुणाबाहेर काढला नव्हता. पुण्यात, मे महिन्यात.)

यावर दोन सिनेमे निघाले. १९६३च्या सिनेमात भूत दिसतच नाही. फक्त एक दार आतल्या बाजूला फुगतं, श्वास घेतल्यासारखं. १९९९मध्ये संगणकाने भुतं काढून दाखवली, आणि मी मजेत चिवडा खात ती बघितली.