एएमएच ०.६४: या आकड्याने मला काय सांगितलं आणि काय नाही

मूल हवं असं ठरवून मी गोळ्या बंद केल्या आणि त्याच महिन्यात एएमएच करून घेतला, म्हणजे अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या हार्मोनची रक्तचाचणी. पाळीत फार रक्तस्राव व्हायचा आणि पोटही दुखायचं, म्हणून बरीच वर्षं हार्मोनच्या गोळ्या चालू होत्या. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबच्या तपासणी पॅकेजमध्ये थायरॉइड आणि साखरेच्या सोबतीला ही चाचणीही होती. रिपोर्ट मोबाइलवर आला: एएमएच ०.६४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, शेजारी खाली वळलेला बाण. माझं वय ३२.

त्याच आठवड्यात एका वंध्यत्व उपचार केंद्रात दाखवलं. रिपोर्ट बघता बघता तिथल्या बाईंनी सांगितलं, "अंडी संपत आली आहेत, आता वाट बघू नका," आणि आयव्हीएफच्या खर्चाचा कागद हातात दिला. मी कोणत्या गोळ्या घेत होते, कधी थांबवल्या, पाळी कशी आहे, यातलं एकही त्यांनी विचारलं नाही. दिवस राहावेत म्हणून आमचा प्रयत्न तर अजून सुरूही झाला नव्हता. हे मला आजही खटकतं, कारण घाबरलेली बाई त्या कागदावर सही करून मोकळी होते.

घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाळी तर वेळेवर येत्ये न्हवं तुझी? मग संपली कशी म्हणतात?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. ते मिळालं शाहूपुरीतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे. त्यांनी आधी गोळ्यांचं विचारलं, मग कागद घेऊन अंडाशय काढलं.

जन्माच्या वेळी मुलीच्या अंडाशयांत साधारण दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात बाहेर पडतात जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची आपोआप विरून जातात. बीजाभोवतीच्या पिशवीला फॉलिकल म्हणतात. झोपलेल्या फॉलिकलमधून एएमएच येत नाही. जी जागी होऊन वाढायला लागली आहेत पण अजून लहान आहेत, साधारण आठ मिलिमीटरपर्यंतची, त्यांच्या पेशी तो स्रवतात. म्हणजे चाचणी साठा थेट मोजत नाही. आत्ता किती लहान फॉलिकल वाढीला लागली आहेत ते ती मोजते, आणि त्यावरून साठ्याचा अंदाज बांधला जातो.

पुढचं त्यांनी सांगितलं ते सासूबाईंच्या प्रश्नाचंच उत्तर होतं. दर महिन्याला फॉलिकलचा एक गट पुढे येतो. त्यातलं एक मोठं होतं, त्यातून बीज बाहेर पडतं, बाकीची मागे पडून विरतात. हे हळदीकुंकवाच्या सोडतीसारखं आहे: चिठ्ठ्या पंधरा असोत की सहा, नाव एकीचंच निघतं. गट लहान असला तरी त्या महिन्याला बीज एकच मिळतं, जेवढं दुसरीला मिळतं तेवढंच. म्हणून पाळी वेळेवर येते, आणि म्हणून कमी एएमएचमुळे नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची त्या महिन्याची शक्यता तेवढीच कमी होते असं नाही.

याला नुसत्या तर्काचा आधार नाही. २०१७ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, नुकता प्रयत्न सुरू केलेल्या ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रिया त्यात होत्या. एएमएच ०.७ पेक्षा कमी असलेल्यांना सहा पाळीचक्रांत दिवस राहण्याची शक्यता ६५ टक्के निघाली, सर्वसाधारण एएमएच असलेल्यांना ६२ टक्के. या दोन आकड्यांत अर्थपूर्ण फरक नव्हता. माझा आकडा त्या कमी गटातलाच होता, त्यामुळे हे ऐकताना मी वहीत लिहून घेतलं.

मग हा आकडा कशाला उपयोगी? आयव्हीएफसाठी. तिथे इंजेक्शनं देऊन गटातलं एकच नव्हे तर जमेल तेवढी सगळी फॉलिकल वाढवतात. तेव्हा गट लहान असेल तर हाती येणारी बीजंही कमी. इंजेक्शनचा डोस किती ठेवायचा, एका फेरीत किती बीजं मिळतील, याचा अंदाज एएमएचवरून बऱ्यापैकी बांधता येतो. ती बीजं चांगली आहेत का, हे मात्र त्यावरून कळत नाही. बीजाचा दर्जा मुख्यतः वयावर ठरतो. माझ्या बीजांचं वय ३२ आहे. चाळिशीतल्या बाईचा एएमएच माझ्यापेक्षा जास्त असला तरी तिची बीजं चाळिशीचीच. पाळी नक्की कोणत्या वर्षी थांबेल, हेही एका बाईपुरतं या आकड्यावरून सांगता येत नाही.

आता गोळ्यांचं. हार्मोनच्या गोळ्या चालू असताना फॉलिकलची वाढ दबते आणि एएमएच खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. गोळ्या थांबवल्यावर तो काही महिन्यांत वर येतो. माझं रक्त गोळ्या सुटताच काढलं होतं. बाईंनी तीन महिने थांबायला सांगितलं आणि चाचणी त्याच लॅबमध्ये करा असं बजावलं, कारण वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पाळीचा दिवस बघावा लागत नाही, उपाशीपोटीही जावं लागत नाही. एककही बघायला शिकवलं: काही लॅब पिकोमोल प्रति लिटरमध्ये देतात, तिथे माझाच ०.६४ हा साधारण ४.६ असा छापला जातो. मैत्रिणीच्या आकड्याशी तुलना करताना एवढ्यानेच कुणाचाही जीव घाबरा होईल.

दुसऱ्यांदा एएमएच ०.९ आला. पाळीच्या दुसऱ्या दिवशी आतून सोनोग्राफी केली, तेव्हा दोन्ही अंडाशयांत मिळून आठ लहान फॉलिकल दिसली. दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळत होत्या. बाईंनी लपवाछपवी केली नाही: "गोळ्यांमुळे थोडा कमी दिसत होता, पण वयाच्या मानाने तुमचा साठा खरंच कमी आहे." मला हे बरं वाटलं. खोट्या दिलाशापेक्षा ते कामाचं होतं, कारण त्यावरून ठरवता येतं. पस्तिशीच्या आत एरवी वर्षभर प्रयत्न करून मग तपासण्या करतात. आमच्यासाठी त्यांनी ती मुदत सहा महिन्यांवर आणली. पुढे आयव्हीएफची वेळ आलीच तर बीजं कमी मिळतील, म्हणून तिथे उशीर महाग पडतो. दोन मुलं हवी असतील तर मधे फार वर्षांचं अंतर ठेवू नका, असंही म्हणाल्या. अंडाशयावर चॉकलेट सिस्टचं, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेल्या गाठीचं, ऑपरेशन कुणी सुचवलं, तर आधी साठ्याचा विचार करून घ्या, त्या ऑपरेशनने तो आणखी घटू शकतो, हे त्यांनी फाइलवर लिहूनच दिलं.

'अंडी वाढवणारी' पावडर एका ओळखीच्या वहिनींनी आणून दिली होती. ती दाखवली तर बाईंनी परत करायला सांगितली. नवीन बीजं तयार करणारं औषध नाही.

नवऱ्याची वीर्यतपासणी त्यांनी त्याच दिवशी लिहून दिली. एवढे दिवस सगळे माझ्याच एका आकड्याकडे बघत होते, ही तपासणी कुणाला सुचलीच नव्हती. ती नॉर्मल आली. सहा महिन्यांपैकी निम्मे गेलेत, अजून दिवस राहिलेले नाहीत. दिवाळीपर्यंत राहिले नाहीत तर पाळी संपल्यावर गर्भनलिकांची एक्स-रे तपासणी करायची आहे. नळ्या मोकळ्या आहेत का हे त्यात कळेल. एएमएच कितीही असला तरी त्यातून ते कळलं नसतं.