बारा लाखांचे हातात किती?

पुण्यात मी रिक्रूटमेंट कन्सल्टन्सीत काम करते. उमेदवार रुजू झाला की त्याच्या सीटीसीच्या, म्हणजे कंपनी त्याच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाच्या, ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा आकडा, कंपनीकडून आमच्या ऑफिसला मिळतो. म्हणून मोठा आकडा आम्हालाही आवडतो.

एका मुलाकडे दोन ऑफर होत्या. आमची १२ लाखांची, दुसरी परस्पर आलेली १०.८० लाखांची. मला वाटलं, विषय संपला. तो म्हणाला, "मॅडम, दोन्हींचे महिन्याला हातात किती ते काढून द्याल? मग ठरवतो."

कंपनीच्या एचआरकडून पगाराचा तक्ता मिळवायलाच आठवडा गेला. ऑफर लेटर पाठवायची घाई, तक्ता मागितला की सगळे मीटिंगमध्ये. शेवटी आला. १२ लाखांतले १.८० लाख व्हेरिएबल, वर्षाअखेरीस मिळाले तर मिळाले. बेसिक ४.८० लाख, त्यावर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ आणि ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, शिवाय विम्याचा १२ हजारांचा हप्ता, हे सगळं सीटीसीतच मोजलेलं. ग्रॅच्युइटी तर साधारण पाच वर्षं टिकला तरच हाती येणार. उरले महिना सुमारे ७७,३००. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ ४,८०० आणि व्यवसायकर २०० गेला की ७२,३००. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे तिथे दोन्हीकडे शून्य.

दुसरीकडे व्हेरिएबल नाही, विमा सीटीसीबाहेर आणि पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी महिना १,८००. ग्रॅच्युइटी आणि व्यवसायकर वजा जाऊन हातात सुमारे ८४,०००!

मी फोनवर आकडे सांगितले आणि घाईघाईने जोडलं, "पण आमच्याकडे तुझ्या पीएफमध्ये महिना ६,००० जास्त जमा होतात, ते तुझेच आहेत." त्याने ते आधीच धरलं होतं. "म्हणजे खरा फरक पावणेसहा हजार, वर्षाला ६९ हजार. व्हेरिएबल चाळीस टक्क्यांच्या आसपास मिळालं तर दोन्ही सारखं, त्याहून जास्त मिळालं तर तुमची ऑफर भारी. गेल्या वर्षी या लेव्हलला किती टक्के दिलं?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उमेदवार पगार किती टक्के वाढला एवढंच पाहतात आणि पहिला पगार आला की आम्हाला शिव्या घालतात.

एचआरला विचारलं. उत्तर, "परफॉर्मन्सवर अवलंबून आहे." गेल्या वर्षी काय दिलं, हे तर ठरलेलं असतं ना? दुसरा फोन केला, मेल केला. तेच वाक्य, फक्त खाली सही वेगळी.

त्याला मी तसंच कळवलं. दोन दिवसांनी त्याने १०.८० वाली घेतली. आमचे साहेब वैतागले, "तुला एक्सेल उघडायला कुणी सांगितलं होतं?"

गेल्या आठवड्यात त्याच कंपनीकडून तीच जागा पुन्हा आली. आता सीटीसी १२.५० लाख आणि व्हेरिएबल २० टक्के. तक्ता मागितलाय. अजून मीटिंग चालू आहे.