प्रश्नात लॉग नव्हता, मग उत्तरात कुठून आला?

मी ज्युनियर कॉलेजला बारावी सायन्सला मॅथ्स शिकवते. इंटिग्रेशन बाय पार्ट्स चालू असताना √(x²+a²) चा फॉर्म्युला येतो तो मुलं सरळ पाठ करून टाकतात, कारण पेपरात तो तयार वापरला तरी चालतो. त्या दिवशी मी मुद्दाम थिअरी न लिहिता आधी एक गणित दिलं, 0 ते 3 मध्ये √(x²+16). आकडे असे निवडले होते की x = 3 ला बरोबर 5 येतात, म्हणजे रूटचा त्रास नको. फॉर्म्युला सगळ्यांना माहीत होता:

∫√(x²+a²) dx = (x/2)√(x²+a²) + (a²/2) log(x+√(x²+a²)) + c

पाच-सात मिनिटांत उत्तरं यायला लागली आणि एकमेकांशी जुळेनात. एका मुलाचं 24.14, दुसऱ्याचं 9.91, आणि एका मुलीचं 13.05. पहिले दोघे तावातावाने भांडत होते, दोघांनाही खात्री होती की फॉर्म्युला बरोबरच टाकलाय, आणि खरंच तो बरोबरच टाकला होता.

मी म्हटलं कोण बरोबर ते नंतर बघू, आधी ग्राफ काढा. 0 ला उंची 4, 3 ला उंची 5, मध्ये कर्व्ह हळूहळू वर चढतो. म्हणजे 3 रुंदीचा आणि 4 उंचीचा आयत पूर्ण आत बसतो, त्याचा एरिया 12, आणि 3 बाय 5 चा आयत कर्व्हला पूर्ण झाकतो, त्याचा 15. उत्तर 12 आणि 15 च्या मध्येच असायला हवं, दुसरा मार्गच नाही. 24 पण गेलं आणि 9.91 पण गेलं. वर्ग एकदम शांत झाला, कारण आत्तापर्यंत त्यांनी इंटिग्रेशनचं उत्तर असं बाहेरून तपासता येतं याचा विचारच केला नव्हता.

मग वह्या बघितल्या. 24.14 वाल्याने 3 टाकून 7.5 + 8 log 8 काढलं आणि 0 टाकल्यावर सगळं शून्यच येणार असं गृहीत धरलं. x², x³ वगैरेत तसंच होतं ना, खालची लिमिट 0 असली की ती बाजू बघायचीच नाही अशी सवय लागते. पण इथे x = 0 ला लॉगच्या आत 0+√16 म्हणजे 4 उरतात, 8 log 4 वजा व्हायला हवा होता. 8 log 8 मधून 8 log 4 गेला की 8 log 2 उरतो. दुसऱ्याने हे नीट केलं होतं, 7.5 + 8 log 2 पर्यंत आला होता, पण log 2 ची किंमत लॉग टेबलमधून घेतली, 0.3010. ती बेस 10 ची. इंटिग्रेशनमधून येणारा लॉग बेस e चा असतो, तिथे log 2 = 0.6931, म्हणून 7.5 + 5.545 = 13.045. आपल्या पुस्तकात दोन्हीकडे नुसतं log लिहिलेलं असतं त्यामुळे हा घोटाळा दर वर्षी कुणाचा तरी होतोच, आणि 12 चा आयत काढला की लगेच पकडला जातो.

इथे तास संपवता आला असता. पण मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, प्रश्नात लॉग कुठेच नव्हता, मग उत्तरात आला कुठून? मी काल घरी बाय पार्ट्सने काढून बघत होते तर सगळंच उडून गेलं." मी तिला फळ्यावर बोलावलं, म्हटलं जसं केलंस तसंच लिही.

तिची सुरुवात एकदम बरोबर होती. एकच फंक्शन दिसत असलं तरी शेजारी 1 आहे असं समजायचं, रूटला पहिलं फंक्शन घ्यायचं आणि 1 ला दुसरं. 1 चं इंटिग्रेशन x, रूटचं डेरिव्हेटिव्ह x/√(x²+a²), म्हणून

I = x√(x²+a²) − ∫ x²/√(x²+a²) dx

आता उरलेल्या इंटिग्रलला तिने परत बाय पार्ट्स लावलं. x पहिलं, x/√(x²+a²) दुसरं, कारण त्या दुसऱ्याचं इंटिग्रेशन सोपं, रूटच येतो. मग तो इंटिग्रल झाला x√(x²+a²) − I. वर टाकला की x√ मधून x√ गेला आणि उरलं I = I. स्टेप एकही चुकलेली नाही आणि हातात काहीच नाही! मला ते बघून फार बरं वाटलं, कारण पाठ करणाऱ्याला हा अनुभव येतच नाही. झालं काय, तर दुसऱ्या वेळी तिने पहिलीच स्टेप उलटी फिरवली. पहिल्यांदा रूटचं डेरिव्हेटिव्ह घेऊन x/√ मिळवलं, दुसऱ्यांदा x/√ चं इंटिग्रेशन करून परत रूट मिळवला, आलो तिथेच परत गेलो.

बाहेर पडायचं तर त्या x² ला धरायचं. वर x² आहे, खाली रूटच्या आत x²+a² आहे, म्हणून वर a² मिळवायचा आणि लगेच वजा करायचा. x²+a² ला त्याच्याच रूटने भागलं की रूट उरतो, म्हणजे I परत येतो पण या वेळी वजा चिन्हाने, आणि सोबत एक नवीन तुकडा येतो जो आधी नव्हता:

I = x√(x²+a²) − I + a² ∫ dx/√(x²+a²)

I पलीकडे नेला, 2I झाला, आणि प्रश्न एवढाच राहिला की शेवटचा तुकडा काय. फॉर्म्युल्यातला प्रत्येक ठिकाणचा भागिले 2 हा इथूनच येतो, आणि सगळा लॉग त्या एका तुकड्यात दडलेला आहे.

तो तुकडा x = a tan θ टाकून करतात, मग sec θ चं इंटिग्रेशन, मग परत x मध्ये आणायचं. चालतं, पण त्या मुलीचा प्रश्न तसाच राहतो कारण sec θ चं इंटिग्रेशनही पाठच केलेलं असतं. म्हणून मी थेट t = x + √(x²+a²) घेतलं आणि तिला म्हटलं फक्त डिफरन्शिएट कर. आलं 1 + x/√(x²+a²). छेद एक केला की वर √ + x, म्हणजे परत t च, आणि खाली रूट. dt/dx = t/√(x²+a²), म्हणजेच

dx/√(x²+a²) = dt/t

आणि dt/t चं इंटिग्रेशन log t. तिने स्वतःच लिहिलं आणि स्वतःच "अरे!" म्हणाली. t नेहमी पॉझिटिव्ह असतो, कारण रूट हा |x| पेक्षा मोठाच असतो, म्हणून या फॉर्म्युल्यात मॉड्युलस नाही लिहिलं तरी चालतं.

पण तिचं समाधान पूर्ण झालं नव्हतं. "हे t तुम्हाला सुचलं, पण ते काय आहे?" असा प्रश्न बारावीत कुणी विचारला तर मी सिलॅबस बाजूला ठेवते. परत तोच ग्राफ घेतला. (0,0) पासून कर्व्हवरच्या (3,5) पर्यंत सरळ रेघ मारली. कर्व्हखालच्या एरियाचे दोन भाग झाले. रेघेखाली काटकोन त्रिकोण, पाया 3, उंची 5, एरिया 7.5. हीच फॉर्म्युल्यातली पहिली टर्म, (x/2)√(x²+a²), दुसरं तिसरं काही नाही. मग 5.545 वाला लॉग म्हणजे रेघेच्या वर, y ॲक्सिस आणि कर्व्ह यांच्यामध्ये उरलेला तुकडा, ज्याची एक बाजू वाकडी आहे.

तो कर्व्ह म्हणजे y² − x² = 16, हायपरबोला. फॅक्टर पाडले तर (y+x)(y−x) = 16. आता p = y+x आणि q = y−x म्हटलं तर pq = 16, म्हणजे q = 16/p, आपला 1/x वालाच ग्राफ. आणि p म्हणजे x + √(x²+16), तोच t! (0,4) ला p = 4, (3,5) ला p = 8. 16/p चा 4 ते 8 एरिया 16 log 2. आपल्याला तर मूळबिंदूपासून रेघा मारून झालेला तुकडा हवाय, पण दोन्ही टोकांचे त्रिकोण pq/2 म्हणजे 8-8 चे, एक मिळवायचा आणि एक वजा करायचा, म्हणून तुकडाही 16 log 2 च. p-q मध्ये मोजलेला एरिया खऱ्या एरियाच्या दुप्पट येतो, म्हणून निम्मा केला, 8 log 2. हायपरबोलाखालचा एरिया हा फक्त p किती पट झाला यावर अवलंबून असतो, हे सेंट-व्हिन्सेंट या गणितज्ञाच्या 1647 च्या ग्रंथातून पुढे आलं आणि 1649 मध्ये सारासा या दुसऱ्या गणितज्ञाने त्याचा लॉगशी संबंध दाखवला, तेव्हा न्यूटन अजून शाळकरी पोरगा होता.

तास संपल्याची बेल झाली तरी चार-पाच जणं फळ्यापाशीच होती. त्यात 24.14 वाला पण होता, त्याने विचारलं की मग √(x²−a²) च्या फॉर्म्युल्यात लॉगच्या आधी वजा का. मी म्हटलं 4 ते 5 मध्ये √(x²−16) घे आणि चित्र काढ. त्याने (0,0) पासून (5,3) पर्यंत रेघ मारली, त्रिकोण परत 7.5 चाच आला. पण या वेळी कर्व्ह 4 पासून सुरू होऊन रेघेच्या खाली राहतो, म्हणजे हायपरबोलाचा तुकडा त्रिकोणाच्या आतच पडतो आणि आपल्याला हवा असलेला एरिया तो काढून टाकल्यावर उरतो. x+y इथेही 4 पासून 8 पर्यंतच जातो म्हणून तुकडा तोच 5.545. 7.5 − 5.545 = 1.955. त्याने लगेच 1 बाय 3 चा आयत काढला, बाहेरून झाकणारा, एरिया 3, आणि म्हणाला, "बसतंय मॅडम."