शॅडोइंग अपडेट: ‘ऐका’ म्हटलं की ‘कापा’ ऐकू जातंय

जपानी शिकताना मी शॅडोइंग करते, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग ऐकता ऐकता त्याच्या मागोमाग तेच बोलते. मागच्या अपडेटमध्ये स्क्रिप्ट बाजूला ठेवून जपानी बातम्यांच्या वेगाला हात घालणार म्हटलं होतं. ते तूर्तास रहित. क्लासच्या ओळखीतल्या, तोक्योत वाढलेल्या एका काकूंना माझं रेकॉर्डिंग पाठवलं आणि ‘अर्थ लावू नका, कानाला येईल तेच लिहा’ अशी विनंती केली. ‘कीते कुदासाइ’, म्हणजे ‘ऐका’, असं मी म्हटलं होतं तिथे त्यांनी ‘कित्ते कुदासाइ’ लिहिलं. कापा!

त्रिकूट असं आहे: किते म्हणजे या, कित्ते म्हणजे कापा, कीते म्हणजे ऐका. मोरा म्हणजे जपानी उच्चाराची लांबी मोजायचा एक ठोका. पहिल्यात दोन मोरा, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. कित्तेमधला मधला मोरा म्हणजे त च्या आधीची नुसती शांतता, आणि कीतेमध्ये तो लांबवलेला इ.

मग मूळ ओळ आणि माझी ओळ ऑडॅसिटी या आवाजाची लाट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक लावून झूम केलं. मूळ कीतेमध्ये स्वराची लाट लांबलचक, मग त साठी जेमतेम खाच. माझ्या लाटेत स्वर अर्ध्यात आटपलेला, आणि उरलेला वेळ मी त वर जीभ दाबून काढलेला. एकूण लांबी जवळपास बरोबर, म्हणून तर शॅडोइंग करताना मागे पडल्यासारखं कधी वाटलं नाही. वाटणी तेवढी चुकीची, आणि तिथेच अर्थ बदलतो.

या चुकीचं मूळ आपल्या मराठी कानात आहे. आपण फूल म्हणतो आणि लगेच फुलाला म्हणतो; उकार जागेप्रमाणे आखडतो, अर्थाचं काही बिघडत नाही. इ-ईचंही तेच. त्यामुळे ही लांबी कान मोजतच नाही. उलट चिता आणि चित्ता यांत आपण कधी गोंधळत नाही, म्हणून जोडाक्षर तोंडात आयतं येतं.

ऑडॅसिटीत टेम्पो कमी करून सराव करावा असं बरेच जण सांगतात. माझं मत, तो कानासाठी ठीक, तोंडासाठी नाही. संथ ओळीत मला इ लांबवायला भरपूर सवड मिळते, आणि मूळ वेगावर आले की पुन्हा ‘कापा’. आता ओळ मोडून फक्त ‘कीतेकु’ एवढाच तुकडा पूर्ण वेगात लूपवर लावते.

सुटका झाली ती सुरामुळे. तोक्योच्या बोलीत कित्तेची सुरुवात वर होते आणि सूर लगेच पडतो. कीते खाली सुरू होऊन दुसऱ्या मोरावर चढतो आणि ‘ते’पर्यंत वरच राहतो. इ नुसता लांबवायचा म्हटलं की माझा ताबा सुटतो, पण इ च्या पोटातच सूर चढवायचा म्हटलं की चढायला जागा लागते आणि स्वर आपोआप पुरेसा लांबतो. परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये लाट अखेर मुळासारखी दिसली. पुन्हा पुन्हा झूम करून बघितली, काय सांगू!

हे लिहिता लिहिता सुचलं: मोरा मोजायला आपले लघु-गुरू का वापरू नयेत? दीर्घ स्वर गुरू, दोन मात्रा. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, दोन मात्रा. कित् आणि की दोन्ही बरोबर बसतात. अनुस्वारही बसतो, होन् म्हणजे पुस्तक, दोन मोरा. पण थांबा, वृत्तात ए आणि ओ नेहमीच गुरू, जपानीत मात्र साधा ए किंवा ओ एकाच मोराचा. म्हणजे ‘कोको’, इथे, हा शब्द वृत्ताच्या हिशेबाने चार मात्रांचा होईल, आणि चार मोरांचा ‘कोओकोओ’ म्हणजे हायस्कूल! माझे ओ नेहमी लांबतात असं काकूंनी आधीही लिहिलं होतं, त्याचा उलगडा झाला. तेव्हा पुढचा लूप ओ चा. इ चा धडा इथे उलटा, लांबवायचं नाही, तोडायचं.

साधनांबद्दल एवढंच की ब्लूटूथ इअरफोनचा माइक सुरू केला की आवाज फोनकॉलसारखा चेपतो आणि त ची खाच ऐकूच येत नाही. लॅमिंग्टन रोडवरचा साधा वायरवाला घेतलाय, रेकॉर्डिंग दुसऱ्या फोनवर. पंखा बंद, समोरच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर.

शॅडोइंगची पद्धत लोकप्रिय करणारे बहुभाषी अलेक्झांडर आर्गुएलेस सांगतात तसं मोकळ्यावर, झपझप चालत, खणखणीत आवाजात करायला शिवाजी पार्कला पहाटे जाऊन आले. चालीचा ठेका मोरांना सोयीचा पडतो, पण धाप लागली की सूर आधी सपाट होतो. म्हणून तिथे फक्त पाठ झालेल्या ओळी. लोकलमध्ये ओठातल्या ओठात पुटपुटते, त्यात सूर नसतो, त्यामुळे तो सराव मी धरत नाही.

काकूंना पुढचं रेकॉर्डिंग तिन्ही शब्द उलटसुलट क्रमाने मिसळून पाठवणार आहे, संदर्भाचं एकही वाक्य न जोडता, म्हणजे अंदाजाने बरोबर लिहिण्याची सोय राहणार नाही. कोको आणि कोओकोओही त्यातच घालते.